पाट, फारकत आणि फोनवरची ओळख

खान्देशात दुसरं लग्न हे कधीच नवल नव्हतं. नवरा मेला, नवऱ्याने टाकलं किंवा पटलं नाही म्हणून पंचांसमोर काडी मोडली, की बहुतेक शेतकरी आणि कारागीर जातींत बाईचा पाट लागत असे. 1880 साली निघालेल्या खान्देशच्या सरकारी गॅझेटियरात जातींची वर्णनं वाचताना त्यांच्यात विधवेला लग्नाची मुभा आहे की नाही, ही नोंद पुन्हा पुन्हा भेटते. ज्यांच्यात मुभा नव्हती अशा उच्चवर्णीयांच्या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातल्या पुण्या-मुंबईत रणं माजली. ज्यांच्यात ती होती त्यांच्याबद्दल कुणी अग्रलेख लिहिले नाहीत.

पण पाट म्हणजे लग्न नव्हे, हे प्रत्येकाला कळत होतं. तो रात्री लागायचा. मांडव नाही, वाजंत्री नाही, सवाष्णींनी समोर यायचं नाही. नवरा प्रथमवर असला तर मराठी मुलखात बऱ्याच ठिकाणी त्याचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावत, म्हणजे विधवेशी होणारं त्याचं लग्न हिशेबात दुसरं ठरावं. आणि मुख्य म्हणजे, ठरल्यापासून लागेपर्यंत मध्ये काही काळच नसे. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसत, देणंघेणं ठरे, मुलं कुणाकडे राहणार ते ठरे, आणि चार-आठ दिवसांत बाई नव्या घरी चुलीपुढे बसलेली असे. तिच्या शरीराची चौकशी होई ती कामाच्या अंगाने: हातापायाने धड आहे ना, शेतात राबेल ना. तिला तो आवडेल का, त्याला ती आवडेल का, दोघांना एकमेकांचा सहवास सोसेल का, असे प्रश्न त्या बैठकीत येतच नसत. त्यामुळे त्या प्रश्नांची भीतीही नसे.

नंदुरबार तालुक्यातलं रनाळे हे सुरत-भुसावळ लोहमार्गावर दोंडाईचा आणि नंदुरबार यांच्यामधलं गाव. अशा गावात आज पंचेचाळिशीची एखादी घटस्फोटित बाई जेव्हा म्हणते, की लग्नाचं अजून ठरवलेलं नाही पण कुणाशी तरी ओळख वाढवावीशी वाटते, तेव्हा ती दुसरं लग्न मागत नसते. दुसरं लग्न गावाला कळतं, आणि ते लावून द्यायला मावशी-आत्या तयारच असतात. तिला हवा असतो तो मधला काळ: भेटायचं, बोलायचं, पारखायचं आणि नको वाटलं तर थांबायचं. शहरात त्याला डेटिंग म्हणतात. या मधल्या काळाची सोय गावाच्या रचनेत कुठेच केलेली नाही, आणि शरीराची लाज, मोडलेला आत्मविश्वास, लोकांची नजर, कायद्याची कलमं हे सगळं बरोबर याच जागेवर येऊन अडतं.

इथे एका जोडीचं उदाहरण कल्पनेने उभं करू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. ती सेहेचाळीस वर्षांची, रनाळ्याची. विसाव्या वर्षी लग्न, दोन मुलं झाल्यावर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, एकोणचाळिसाव्या वर्षी अंगावरून जास्त जातं म्हणून पिशवी काढलेली. नवऱ्याने सुरतेत दुसरं घर केलं. भांडून, तारखा करून दोन वर्षांपूर्वी घटस्फोट मिळाला आणि महिन्याची पोटगी बांधून मिळाली. घरात पिठाची गिरणी आहे, ती तीच चालवते. तो चोपन्न वर्षांचा, शहाद्याकडचा, वीज कंपनीत नोकरीला, तीन वर्षांपूर्वी बायको गेली. मधुमेह दहा वर्षांचा जुना. सुरतेत राहणाऱ्या नात्यातल्या एका बाईने एकमेकांना नंबर दिले.

सुरुवात फोटोपासून होते आणि पहिली चूकही तिथेच होते. तो मुलाच्या लग्नातला फोटो पाठवतो, केस काळे, शर्ट इन केलेला. ती दहा वर्षांपूर्वीचा पाठवते, कारण नंतरच्या प्रत्येक फोटोत तिला आधी स्वतःचं पोट दिसतं. दोघंही फसवत नसतात. ज्या शरीराची आपल्याला सवय होती तेच पुढे करतात. पण मग प्रत्यक्ष भेटीत पहिला क्षण दचकण्यात जातो, आणि दचकलेला चेहरा समोरच्याला नकारासारखा वाचता येतो. पंचवीस वर्षांच्या संसारात नवराबायको एकमेकांना रोज थोडंथोडं म्हातारं होताना बघतात, म्हणून त्यांना काही दिसत नाही. नव्या माणसाला मात्र सगळं एकदम दिसतं. याच महिन्यात काढलेला उभ्या अंगाचा एक फोटो आणि भेटीआधी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल एवढ्याने तो पहिला धक्का आपापल्या घरी बसून पचवता येतो.

त्यानंतरची अडचण हाकेची. खान्देशात अनोळखी बाईला ताई म्हणतात, नाहीतर वहिनी. ज्या बाईशी सूत जुळावं असं वाटतं तिला ताई म्हणणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं, आणि नावाने हाक मारावी तर ती अगदीच धिटाई. म्हणून असे लोक महिनोन्महिने हाकेशिवाय बोलतात. फोन उचलला की थेट ‘जेवण झालं का?’ असं. वरवर विनोदी वाटेल, पण फोनवरची ओळख पुढे सरकली की नाही हे यावरून कळतं. हाक सापडली की पाऊल पडलं असं समजावं.

मग भेटायचं कुठे? नंदुरबारच्या बसस्थानकावर गावातलं कुणीतरी असतंच, दोंडाईचाच्या बाजारात तर असतंच असतं. शहरातल्यासारखं दोघांनी एका टेबलापाशी तासभर बसणं इथे जाहीरनाम्यासारखं ठरतं. त्यामुळे कारणं शोधावी लागतात: सुरतेला डॉक्टरकडे, प्रकाशाला तापीकाठच्या देवळांत दर्शनाला, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत. घोड्यांच्या बाजारासाठी दूरदूरून माणसं येतात अशा सारंगखेड्यात गर्दी एवढी असते, की एक बाई आणि एक पुरुष भजी खात शेजारी उभे राहिले तर त्यात कुणाला काही दिसत नाही. एकांतापेक्षा गर्दी बरी, असं इथे उलटं गणित आहे, आणि पहिल्या दोन-तीन भेटींसाठी सुरक्षेच्या दृष्टीनेही ते चांगलंच आहे.

भेटीला जाताना ती गळ्यात काय घालते?

हा प्रश्न किरकोळ नाही. गावात बाईचं शरीर वयाच्या आधी चिन्हांवरून वाचलं जातं: कुंकू, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र. शरीर बदलतं ते बाळंतपणाने आणि वयाने, पण गावाच्या डोळ्यांत ते सर्वांत जास्त बदलतं ते गळा मोकळा झाला त्या दिवशी. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने पती निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तो ठराव विधवांसाठी होता. घटस्फोटितेसाठी कुठल्या ग्रामसभेने ठराव केल्याचं ऐकिवात नाही, कारण तिच्या बांगड्या कुणी फोडत नाही. त्या तिने स्वतः काढायच्या की ठेवायच्या, हे तिच्यावर सोडून देतात आणि मग दोन्हीवरून बोलतात. मंगळसूत्र ठेवलं तर ‘अजून त्याच्याच नावाचं?’ आणि काढलं तर ‘आता काय, मोकळीच!’ अनेक बायका मधला मार्ग काढतात. साधी सोन्याची साखळी घालतात आणि ते काय आहे हे बघणाऱ्याला ठरवू देतात.

शरीराचा खरा विषय मात्र कपड्यांच्या आतला आहे आणि त्यावर गावात फक्त अफवा चालतात. पिशवी काढली की बाई संपली, तिला काही वाटत नाही, नवऱ्याला काही मिळत नाही, ही त्यांतली सर्वांत घट्ट अफवा. महाराष्ट्रात हा प्रश्न थोड्याथोडक्या बायकांचा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या 2019 मधल्या सरकारी सर्वेक्षणात 82 हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यांत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या चौकशीत चर्चा झाली ती शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का आणि कुणी पैसे कमावले याची, आणि ती व्हायलाच हवी होती. त्यानंतर त्या बायकांनी स्वतःच्या शरीराकडे कसं बघायचं, हे मात्र त्यांना कुणी सांगितल्याचं दिसत नाही.

सांगायचं ते असं. गर्भाशय काढलं म्हणजे पाळी आणि मूल होण्याची शक्यता जाते. योनिमार्ग जागेवर असतो, बाहेरची संवेदना जागेवर असते. बीजकोश ठेवले असतील तर संप्रेरकं बनत राहतात आणि पुढे वयानुसार थांबतात. बीजकोशही काढले असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, ती कितीही लहान वयात असली तरी. म्हणून बाईला पहिली गोष्ट माहीत हवी ती ही, की आपले बीजकोश आहेत की नाहीत. ते दवाखान्यातून सुट्टी देताना मिळालेल्या कागदावर लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणातल्या बाईने तो कागद सात वर्षं गिरणीच्या लाइटबिलांबरोबर पिशवीत घालून ठेवला होता. त्यात बीजकोश ठेवल्याची नोंद होती, म्हणजे ज्या ‘रिकामेपणा’ची तिला लाज वाटत होती तो तिच्या शरीरात नव्हताच.

वयाचा भाग वेगळा. भारतीय बायकांची पाळी सरासरी 46 ते 47 च्या सुमारास थांबते, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा काही वर्षं आधीच. त्यानंतर इस्ट्रोजेन उतरतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, संबंधाच्या वेळी दुखतं, कधी थोडं रक्त दिसतं, लघवीला वारंवार जळजळ होते. अंगातून वाफा येण्याचा त्रास काही वर्षांनी बहुतेकींचा कमी होतो. हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उपचार केला नाही तर वाढतो. आणि नेमका अशाच वेळी, कित्येक वर्षांच्या खंडानंतर नवा माणूस आयुष्यात येतो. पहिल्या प्रयत्नात दुखतं, बाई आवळून घेते, पुरुष गोंधळतो, आणि दोघंही समजतात की आपलं वय झालं. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारलेलं वंगण मिळतं, ते पुरत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीने योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे ते तीन महिने लागतात, म्हणून चार दिवसांत सोडून देऊ नये. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारावं. पाळी थांबल्यावर वर्षभराने कधीही रक्त दिसलं तर ते वयाचं म्हणून सोडू नये. गर्भाशय असलेल्या बाईने त्याची तपासणी करूनच घ्यावी.

घरात वंगण म्हणून हात जातो तो खोबरेल तेलाकडे. एरवी चालेल, पण निरोधबरोबर नाही. तेल लागलं की लॅटेक्सचा निरोध काही मिनिटांत कमकुवत होतो आणि फाटतो. इथे कुणी म्हणेल, की ऑपरेशन झालेल्या, पिशवी काढलेल्या बाईला निरोध कशाला? महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांनी नसबंदी करून घेतलेली आहे, आणि त्यामुळे निरोध म्हणजे मूल नको म्हणून वापरायची वस्तू एवढीच ओळख पक्की झाली आहे. पण दोन प्रौढ माणसं भेटतात तेव्हा दोघांच्याही मागे आयुष्य असतं. तिच्या नवऱ्याचं सुरतेत दुसरं घर होतं, त्या घराचा इतिहास तिला माहीत नाही. शासकीय रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते, सोबत कावीळ ब आणि सिफिलिसच्या चाचण्या डॉक्टरांना सांगून करता येतात. दोघांनी करावी, एकट्या बाईने नव्हे. हे बोलणं अवघड जातं यात शंका नाही. पण शुगरचा रिपोर्ट एकमेकांना सहज दाखवणाऱ्या वयात हा रिपोर्ट दाखवायला काय हरकत आहे?

शुगरवरून पुरुषाकडे यायला हवं, कारण आत्मविश्वास हलतो तो फक्त बायकांचा असं समजून बरंच लेखन होतं. पुरुष सांगत नाही एवढंच. आपल्या शहाद्याच्या माणसाला बायको आजारी पडल्यापासून, म्हणजे सहाएक वर्षं, ताठरता नीट येत नाही आणि त्याने ते कुणाला सांगितलेलं नाही. तो भेटी लांबवतो, फोनवर खूप गोड बोलतो, मुक्कामाचा विषय निघाला की त्याला अचानक ड्युटी लागते. तिला वाटतं, आपलं पोट बघून याचं मन बदललं. दोघंही एकाच भीतीने माघार घेतात आणि दोघांनाही दोष स्वतःचा वाटतो.

याचं निदान काही अंशी घरी करता येतं. पहाटे, झोपेत ताठरता येत असेल आणि जोडीदारासमोर येत नसेल, तर कारण बहुधा मनातलं आहे: धास्ती, दुःख, आधीच्या बायकोची आठवण. पहाटेही येत नसेल तर रक्तवाहिन्या, मज्जातंतू किंवा संप्रेरकं तपासावी लागतात, आणि मधुमेही माणसात ही शक्यता मोठी. त्याकडे दुर्लक्ष करण्यात दुसराही धोका आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने तिथला अडथळा आधी जाणवतो. अनेकांत ही तक्रार हृदयविकाराच्या काही वर्षं आधी येते. म्हणून ताठरतेसाठी डॉक्टरकडे गेलेल्या माणसाचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलही बघतात. यातलं काहीही न करता मेडिकलवरून मित्राच्या सांगण्याने सिल्डेनाफिलची गोळी आणणं हा गावाकडचा सरसकट उपाय. ती बऱ्याच जणांना लागू पडते, हे खरं. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी जो घेतो त्याने ती घेतली तर रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो. चोपन्नाव्या वर्षी, मधुमेहात, ही काल्पनिक भीती नाही.

एवढं झाल्यावर कायदा. खरं तर कायदा आधीच दाराशी उभा असतो. पाटाच्या जमान्यातही होता. 1864 साली मुंबई उच्च न्यायालयाने करसन गोजा खटल्यात सांगितलं, की नवऱ्याच्या संमतीशिवाय त्याला सोडून दुसरं लग्न करायची मुभा बाईला देणारी जातीची रूढी अनैतिक, म्हणून अमान्य. जातपंचायत जे शतकानुशतकं करत होती ते एका निकालाने संशयास्पद झालं. आजचा गोंधळ त्याच जातीचा आहे. गावात फारकत होते ती शंभर-पाचशेच्या स्टँपपेपरवर, नोटरीच्या शिक्क्याने. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण ती रूढी त्या समाजात आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. तशी रूढी नसेल तर तो स्टँपपेपर म्हणजे नुसता कागद, आणि त्याच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न गुन्हा ठरू शकतं: सात वर्षांपर्यंत शिक्षा, पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. अनुसूचित जमातींना मात्र हा कायदा मुळात लागूच नाही, त्यांच्यात पंचांची रीत चालते. नंदुरबार जिल्ह्यात शेजारच्या दोन घरांना दोन वेगळे नियम लागू असतात, हे ओळख करून देणाऱ्यांच्याही ध्यानात नसतं.

म्हणून समोरचा माणूस ‘माझी फारकत झाली आहे’ म्हणाला की पुढचा प्रश्न ‘कोर्टाची की कागदावरची?’ हाच असावा. कोर्टाची असेल तर हुकुमनाम्याची प्रमाणित नक्कल असते, आणि खटल्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटला खरंच निकाली निघाला का हे मोबाइलवर दिसतं. लढून मिळालेल्या घटस्फोटावर अपिलाची मुदत 90 दिवसांची. ती उलटेपर्यंत, आणि अपील झालं असेल तर ते फेटाळलं जाईपर्यंत, लग्न करता येत नाही. विधुराकडे मृत्यूचा दाखला मागावा. यात अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं खरं, पण जो माणूस याने रागावतो त्याच्याबद्दल बरीच माहिती त्या रागातूनच मिळते. आणि भेटण्याआधीच ज्याला अडचण येते, पार्सल कस्टमला अडकतं, दवाखान्याचं बिल भरायचं असतं, त्याच्यासाठी कागद मागत बसू नये. सायबर फसवणुकीचा 1930 हा क्रमांक लावावा.

पोटगीचं कलम यापेक्षा बोचरं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 प्रमाणे घटस्फोटानंतर कायमची पोटगी मिळालेल्या व्यक्तीने पुन्हा लग्न केलं तर दुसरी बाजू ती बदलून किंवा रद्द करून मागू शकते. इथवर समजण्यासारखं आहे. पण त्याच पोटकलमात पुढे असंही आहे, की पोटगी घेणारी बाई ‘शीलवान राहिली नाही’ असं कोर्टाला पटलं तरी हुकूम फिरवता येतो. पोटगी घेणारा नवरा असेल तर त्यालाही विवाहबाह्य शरीरसंबंधाची अट आहे, पण पोटगी घेणारे नवरे असतात किती? हुकूम फिरवणं कोर्टाच्या मर्जीवर आहे, आपोआप होत नाही. तरीही घटस्फोट झालेल्या, स्वतंत्र झालेल्या बाईवर तिचा जुना नवरा नजर ठेवू शकतो आणि त्या नजरेला कायद्यात जागा आहे, ही 1955 सालच्या कायद्यातली गोष्ट अजून तशीच आहे. रनाळ्याच्या बाईला सारंगखेड्याच्या यात्रेत भजी खायला भीती वाटते ती यामुळेही. एकरकमी रक्कम घेऊन वेगळ्या झालेल्या बायकांना ही दोरी एवढी काचत नाही. घटस्फोटाच्या वाटाघाटीत हा मुद्दा वकिलाने काढायला हवा, पण त्या वेळी पुढे कुणी आयुष्यात येईल असं कुणाच्या मनातच नसतं.

मग माणसं काय करतात? काही लग्नच करत नाहीत. पुण्यात माधव दामले यांनी 2012 मध्ये ज्येष्ठांना जोडीदार मिळवून देण्याचं काम सुरू केलं. आधी भर पुनर्विवाहावर होता, पण मुलांचा विरोध, मालमत्तेचे वाद अशा अडचणी येऊ लागल्यावर लग्नाशिवाय सहजीवन हा मार्ग त्यांच्या मंडळाने उघडपणे पुढे ठेवला. खान्देशाला लागून असलेल्या गुजरातेत, अहमदाबादला, नटूभाई पटेल यांनी 2001 च्या भूकंपानंतर एकट्या पडलेल्या प्रौढांचे मेळावे भरवायला सुरुवात केली. अशा मेळाव्यांत पुरुषांची गर्दी आणि बायका मोजक्या असतात. बायकांना सोबत नको असते असं यावरून म्हणणं घाईचं होईल. आलेल्या पुरुषांपैकी बऱ्याच जणांची मागणी ऐकली तर ती गरम जेवण आणि वेळेवर गोळ्या देणाऱ्या माणसाची असते. वीस-पंचवीस वर्षं सासरच्यांची उस्तवार करून सुटलेली बाई पुन्हा त्याच नोकरीचा अर्ज का भरेल? फेब्रुवारी 2023 मध्ये शिरोळ तालुक्यातल्याच घोसरवाडच्या वृद्धाश्रमात तिथल्याच दोन सत्तरीतल्या रहिवाशांचं लग्न लागलं, त्याचं कौतुक सगळ्या वर्तमानपत्रांनी केलं. त्या जोडीला एक सोय होती जी रनाळ्यात नाही: स्वयंपाक आश्रमाचा होता, आणि दोघांनी एकमेकांना लग्नाआधी रोज उठता-बसता, दुखताखुपता पाहिलेलं होतं.

मुलांचा प्रश्न बहुतेक वेळा मालमत्तेचा असतो आणि तो सोडवायची रीत मराठी मुलखात दीडशे वर्षं जुनी आहे. रखमाबाईंचं नाव सर्वांना ठाऊक आहे, बालपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात उभी राहिलेली आणि पुढे डॉक्टर झालेली बाई. तिची आई जयंतीबाई तरुणपणी विधवा झाली होती. ती सुतार समाजाची, तिथे पुनर्विवाहाला मुभा होती, आणि मुंबईतल्या डॉ. सखाराम अर्जुन या विधुराशी तिने दुसरं लग्न केलं. पण 1856 च्या पुनर्विवाह कायद्यानेच विधवेचं दुसरं लग्न होताच पहिल्या नवऱ्याच्या संपत्तीवरचा तिचा हक्क संपत असे. जयंतीबाईने लग्नाआधी ती मालमत्ता लहानग्या रखमाबाईच्या नावे केली. नव्या संसारात ती मोकळ्या हाताने गेली, आणि मुलीचं मुलीकडे राहिलं. सावत्र बापाने पुढे रखमाबाईला पाठिंबा दिला, त्याच्या मागे हा आधीच झालेला स्वच्छ व्यवहारही असावा, असं मानायला जागा आहे.

आपल्या जोडीनेही व्यवहार असाच आधी स्पष्ट केलेला बरा. गिरणी आणि घर मुलांच्या नावे मृत्युपत्राने, पण हयातीत तिच्याच ताब्यात. बक्षीसपत्र करून आत्ताच देऊन टाकायचं नाही, कारण मग भांडण झालं तर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्याचा भविष्यनिर्वाह निधी त्याच्या मुलांना, पण ती सोबत राहायला लागली तर तिच्या नावे बँकेत काही रक्कम, लेखी. लग्नाशिवाय सोबत राहिलेल्या बाईला घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याचं संरक्षण मिळतं, मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये त्याला अटी घातल्या आहेत: दोघंही लग्नाला मोकळे हवेत, समाजात जोडप्यासारखे वावरलेले हवेत, आणि बराच काळ एकत्र राहिलेले हवेत. महिन्यातून दोनदा सुरतेला भेटणाऱ्यांना ते लागू होत नाही.

आणि त्या दोघांना सध्या तरी तेवढंच हवं आहे. तिने एका दुपारी, गिरणी बंद करून, फोनवर त्याला पिशवी काढल्याचं सांगितलं. त्यावर तो काहीच बोलला नाही, मग म्हणाला, ‘माझंही एक आहे.’ नंतरच्या आठवड्यात त्याने धुळ्याला डॉक्टरांना दाखवलं. साखर साडेतीनशेच्या पुढे होती. आता ती त्याला रोज रात्री साखर किती आली ते विचारते आणि तो तिला चक्कीचे पट्टे कुठे स्वस्त मिळतील ते सांगतो. मुक्कामाचं बोलणं मलम लागू पडायची आणि त्याची साखर खाली यायची वाट बघत थांबलेलं आहे. मुलीला तिने सांगितलं, मुलाला अजून नाही. मुलगी पहिल्यांदा रडली आणि मग तिने विचारलं, त्यांना स्वयंपाक येतो का?

येतो. बायको तीन वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा शिकला.